टाक्यातली आग

हर्नियाचे ऑपरेशन होऊन सात-आठ महिने उलटले, टाका कधीच सुकला, वण फिकट पडला, आत बसवलेली जाळी जागेवर आहे, आणि तरी माणूस ओपीडीत येऊन सांगतो, "टाक्यात आग होते." यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात या तक्रारीला वेगळे वजन येते. इथे ज्याला हर्निया होतो तो बहुधा पाठीवर फवारणीचा पंप आणि डोक्यावर गाठोडे वाहणारा माणूस असतो, आणि ऑपरेशन त्याने पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहता यावे म्हणूनच करून घेतलेले असते. हंगाम आला, पण लेंग्याची नाडी आणि करगोटासुद्धा सहन होत नाही, अशी अवस्था असेल तर ऑपरेशन झाले कशासाठी, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्यावर डॉक्टरमंडळींत दोन मते दिसतात. एक म्हणते, जखम भरायला वेळ लागतो, थांबा. दुसरे म्हणते, ही जखमेची वेदना नव्हेच, हा वेगळा आजार आहे आणि त्याचे वेगळे निदान करावे लागते. खालचा संवाद रचलेला आहे. त्यातला सर्जन कोणी एक व्यक्ती नाही, तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेकांचे आक्षेप त्याच्या तोंडी घातले आहेत. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सर्जन : तुम्ही लिहिणारी मंडळी साध्या गोष्टीला मोठे नाव देता. चामडी कापली, स्नायूंचे थर उलगडले, जाळी शिवली. एवढे केल्यावर थोडे ठणकणारच. थंडी पडली की जुना टाका ओढतो हे गावातल्या म्हातारीलाही ठाऊक असते. तीन महिने झाले की लगेच 'आजार' म्हणायचे, ही रेघ कोणी आखली?

लेखक : रेघ माणसांनीच आखली, डॉक्टर, पण हवेत आखली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली. तिच्यात ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा दिली आहे. अट अशी की ती ऑपरेशननंतर सुरू झालेली किंवा वाढलेली असावी, ऑपरेशनच्या जागी किंवा तिथल्या नसेच्या टापूत असावी, आणि जंतुसंसर्गासारखे दुसरे कारण सापडलेले नसावे. तीनच महिने का, याचे उत्तर जखमेच्या भरण्यात आहे. साधारण तेवढ्या काळात वणाला मूळ चामडीच्या जवळपास ऐंशी टक्के ताकद आलेली असते. पुढेही वर्षभर त्याची डागडुजी चालते, हे तुमचे म्हणणे खरेच आहे. पण भरणाऱ्या जखमेचे दुखणे महिन्यागणिक उतरत जाते. ते खाजते, ओढते, वजन उचलले की ठणकते आणि विसावले की निवते. जे दुखणे चौथ्या महिन्यापासून आठव्यापर्यंत तसेच राहते किंवा वाढते, बसल्या जागी आग करते, कापड लागले की भडकते आणि मधूनच करंट मारल्यासारखे मांडीत उतरते, त्याची जातच वेगळी आहे. नुसत्या महिन्यांच्या मोजणीपेक्षा वेदनेचा चढ-उतार आणि तिची जात या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. तीन महिने ही केवळ विचारायला सुरुवात करण्याची वेळ. आणि हे दुर्मीळही नाही. जांघेतल्या हर्नियाबाबत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दहा ते बारा टक्के रुग्णांत काही ना काही वेदना टिकून राहते. रोजचे काम अडवणारी वेदना त्याहून बरीच कमी जणांना होते. पण हर्नियाचे ऑपरेशन इतके सर्रास होते की तो थोडा हिस्साही गावोगावच्या माणसांचा होतो.

सर्जन : मग सरळ म्हणा ना की जाळीने घात केला. रुग्णही तेच म्हणतात. सरकारी दवाखान्यात हलकी जाळी टाकली म्हणून आग होते, नागपूरला भारीची टाकली असती तर झाली नसती.

लेखक : ते मी म्हणणार नाही, कारण पुरावा तसे सांगत नाही, आणि हा पुरावा आपल्याच राज्यातून सुरू होतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियात जाळी म्हणून वापरले आणि २००३ साली सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची आणि निम्म्यांना कंपनीची जाळी बसवून. २०१६ साली तिचे निकाल आले तेव्हा वर्षभरात हर्निया पुन्हा होण्यात किंवा इतर त्रासांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसरे उदाहरण पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांचे. त्यांची पद्धत जाळी वापरतच नाही, रुग्णाच्याच स्नायूवरच्या पडद्याची पट्टी वापरते. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर या पद्धतीची जाळीच्या ऑपरेशनशी तुलना झाली, तिचे निकाल २०१२ साली आले, आणि टिकून राहणाऱ्या वेदनेत मोठा फरक आढळला नाही. जाळी आक्रसून गोळा होऊ शकते, नसेला चिकटू शकते, हे खरे. पण जाळी स्वस्त होती म्हणून आग होते, हा समज टिकत नाही, आणि जाळी नव्हती म्हणून आग होणारच नव्हती, हाही नाही. दोन्हींत समान गोष्ट एकच आहे. चीर त्याच जागी आहे आणि त्या जागेतून तीन बारीक नसा जातात.

त्या नसांची नावे इलिओहायपोगॅस्ट्रिक, इलिओइंग्वायनल आणि जेनिटोफिमोरलची जननेंद्रियाकडे जाणारी शाखा. पहिल्या दोन कमरेच्या बाजूने पुढे येतात. त्यांतली एक ओटीपोटाच्या खालच्या चामडीची आणि दुसरी जांघ, मांडीचा आतला वरचा भाग व अंडकोशाची वरची बाजू यांची खबर मेंदूला पोचवते. तिसरी शुक्रवाहिनीच्या दोरीबरोबर उतरते. प्रत्येक माणसात त्यांची वाट थोडी निराळी असते, कधी दोन नसा एकत्र येतात, कधी एखादी दिसतच नाही. कापणीत नस तुटू शकते, टाक्यात अडकू शकते, काठ ओढून धरताना ताणली जाऊ शकते, रक्त थांबवायच्या विजेच्या चटक्याने भाजू शकते, किंवा काहीच न होता पुढे तयार होणाऱ्या घट्ट वणात आवळली जाऊ शकते.

सर्जन : पण ज्याची नस तुटली त्याची जागा बधिर व्हायला हवी. हे लोक एका दमात म्हणतात, इथे काही कळत नाही, आणि दुसऱ्या दमात म्हणतात, इथेच आग होते. मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

लेखक : या प्रश्नावरच सगळे अडते, डॉक्टर. बधिरपणा आणि आग एकाच जागी असणे ही विसंगती नसून नस दुखावल्याची ओळख आहे. नस तुटली की चामडीकडून येणारी खबर थांबते, म्हणून बोट लावले तर कळत नाही. पण तुटलेले टोक मरत नाही. ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू पाहते, आणि पुढची वाट वणाने बंद केली असेल तर तिथेच कोवळ्या धाग्यांची गाठ होते. त्या टोकाशी विद्युतसंदेश उठवणाऱ्या सोडियमच्या वाटा दाटीने जमतात, आणि कोणी न छेडता तिथून संदेश सुटू लागतात. मेंदूला मात्र ते चामडीतून आल्यासारखेच वाटतात. महिनोन्महिने हा भडिमार चालला की पाठीच्या कण्यातल्या पेशीही हळव्या होतात. एरवी फक्त स्पर्श सांगणाऱ्या शेजारच्या धडधाकट नसांचा संदेशही मग त्या वेदना म्हणून वर पाठवतात. म्हणून बधिर पट्ट्याच्या कडेला नुसती नाडी घासली तरी माणूस दचकतो. अमेरिकन यादवी युद्धातले जखमी तपासून सायलस वेअर मिचेल यांनी १८७२ साली नसांच्या इजांवर पुस्तक लिहिले. गोळीची जखम भरल्यावरही अशी आग होणारे सैनिक त्यात आहेत. रुग्ण दोन्ही गोष्टी सांगतो तेव्हा तो गोंधळलेला नसतो, नेमके सांगत असतो.

सर्जन : ठीक आहे, पुस्तकात हे शोभते. माझ्या ओपीडीत सकाळी शंभर माणसे असतात. तिथे नसेचा अभ्यास कोण करणार? तालुक्याला ना ते मशीन, ना वेदनेचा वेगळा दवाखाना.

लेखक : मशीन लागतच नाही, दहा मिनिटे आणि कापसाचा बोळा लागतो. घाटंजी तालुक्यातला ४६ वर्षांचा एक शेतमजूर कल्पू. मार्चमध्ये उजव्या जांघेत जाळीचे ऑपरेशन झाले, आता नोव्हेंबर आहे. आधी त्याला त्याच्याच शब्दांत बोलू द्यायचे. तो 'दुखते' म्हणत नाही. 'मिरची लावल्यासारखं होते, मधी करंट मारते' म्हणतो. मग उभे करून खोकायला लावायचे; फुगवटा नाही, म्हणजे हर्निया परतल्याचा वरवर पुरावा नाही. आडवे करून कापसाचा बोळा दूरच्या चांगल्या चामडीवरून वणाकडे सरकवत आणायचा. जिथे स्पर्श बदलतो तिथे बॉलपेनने ठिपका द्यायचा, पुन्हा दुसऱ्या बाजूने यायचे. वणाखाली तळहाताएवढा बधिर पट्टा निघतो, त्याच्या वरच्या कडेला बोळा लागताच तो हात झटकतो. टाचणीने तेच पाहायचे, आणि स्पिरिटच्या बोळ्याने गार लागते का तेही. शेवटी वणाच्या कडेकडेने बोटाच्या टोकाने हलके ठोकत जायचे. वणाच्या वरच्या टोकाशी ठोकल्यावर त्याला मांडीच्या आत करंट गेल्यासारखे वाटते. ठिपके जोडले तर पट्टा इलिओइंग्वायनलच्या टापूशी जुळतो. नसेच्या वेदनेसाठी दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली आहे, आग, करंट, मुंग्या, बधिरपणा, खाज वगैरेंची. चार किंवा अधिक मुद्दे जुळले तर नसेचा संशय बळावतो, आणि या माणसाचे सहा जुळतात. एक प्रश्न मात्र दार लोटून, एकट्यात विचारावा लागतो. संबंधाच्या वेळी, वीर्य बाहेर पडताना दुखते का? जननेंद्रियाकडची शाखा दुखावली असेल तर दुखते, आणि विचारल्याशिवाय पुरुष हे सहसा सांगत नाहीत.

सर्जन : आता मीच तुमची बाजू उलटवतो. तुम्ही प्रत्येक आगीला नस म्हणाल, आणि खरे कारण हातून निसटेल. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांचे दुखणे भलतेच निघाले.

लेखक : तुमचा हा आक्षेप सर्वांत भारी आहे, आणि मी तो पूर्ण मान्य करतो. नस हे निदान इतर कारणे पाहिल्यावरच करायचे असते, व्याख्येतच ती अट आहे. पण कारणे वेगळी ओळखता येतात. हर्निया परतला असेल तर खोकताना फुगवटा किंवा सोनोग्राफीत जागा दिसते. दुखरे टोक जांघेच्या हाडावर, बोटाने नेमके दाखवता येईल असे असेल, तर हाडाच्या आवरणात टाका गेला असण्याची शक्यता जास्त. तिथे आगीपेक्षा ठणका असतो. वणातून महिन्यांनी पाणी किंवा पू झिरपू लागला आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने थांबला नाही, तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले पण निराळे मायकोबॅक्टेरिया मनात आणून पू तपासणीला पाठवावा. पायाला आत वळवल्यावर जांघ दुखली तर खुब्याचा सांधा पाहावा. कमरेपासून पट्ट्यासारखी आग पुढे आली, त्याआधी त्या पट्ट्यात फोड आले होते असे कळले, तर ती नागीण. टाका तिच्या वाटेत योगायोगाने आला. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता यांची आग बहुधा दोन्ही पावलांपासून वर चढते, एका वणापुरती थांबत नाही. विदर्भात कुष्ठरोगाचाही विचार मनात येतो, पण त्याचा जंतू शरीराचे गार भाग पसंत करतो. जांघेची उबदार जागा तो सहसा सोडून देतो. या यादीतली बहुतेक कारणे हाताने आणि एका सोनोग्राफीने बाजूला करता येतात. 'थांबा, भरेल' म्हटले तर मात्र यांतले एकही सापडत नाही. तुमच्या आक्षेपातून तपासणी टाळण्याचे नाही, ती करण्याचेच कारण निघते.

सर्जन : आणि मन? ज्याला घरची काळजी, कर्जाचा घोर, त्याचेच दुखणे लांबते. हे तुम्ही टाळताय.

लेखक : टाळत नाही. काळजी, उदासी, दुखण्याचा सतत धसका यांनी ऑपरेशननंतरची वेदना टिकण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलेले आहे. ऑपरेशनच्या आधीपासून त्या जागी तीव्र दुखत असणे आणि पहिल्या काही दिवसांत दुखणे नीट आटोक्यात न येणे, हेही असेच धोके आहेत. पण काळजीने वेदना वाढते यावरून वेदना काळजीची आहे असे ठरत नाही. घोर लागलेल्या माणसाला शरीररचनाशास्त्र ठाऊक नसते. डोळे मिटून बसलेल्या त्या मजुराच्या बधिर पट्ट्याची कड दोन्ही बाजूंनी आणलेल्या बोळ्याला त्याच रेषेवर सापडते आणि एका नसेच्या टापूशी जुळते, ते मनाने घडत नाही. मनावरचा भार असेल तर त्याचाही उपचार करावा, पण तो निदानाच्या जागी बसवू नये.

सर्जन : समजा नसच निघाली. मग काय, सगळ्यांना प्रीगॅबालिन? आताच ती गोळी नाक्यानाक्यावर मिळते, आणि लोक झिंगत फिरतात.

लेखक : तुमची ही तक्रार खरी आहे, म्हणूनच क्रम हवा. आधी डायक्लोफिनॅक थांबवायचे. नसेच्या आगीवर त्याचा फार उपयोग नसतो, आणि महिनोन्महिने घेतले तर जठर व मूत्रपिंड बिघडते. मग त्या दुखऱ्या टोकाजवळ एक टक्का लिग्नोकेनचे पाच मिलि इंजेक्शन देऊन पाहायचे. हे सरावाचे काम, सोनोग्राफीखाली केले तर उत्तम, म्हणून यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्राम-सावंगीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. आपल्या मजुराची वेदना पंधरा मिनिटांत दहापैकी आठवरून दोनवर येते आणि काही तासांनी परतते. निदानाला बळकटी मिळाली, पण नुसत्या सुईनेही काहींना बरे वाटते, म्हणून मी याला अंतिम पुरावा म्हणत नाही. औषधांत रात्री १० मिलिग्रॅम अॅमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात होऊ शकते, आठवड्या-दोन आठवड्यांनी सोसेल तसे वाढवत. काचबिंदू, लघवी अडकण्याचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर ते टाळावे. तोंड कोरडे पडते, सकाळी सुस्ती येते, हे आधी सांगावे. चार ते सहा आठवडे नीट डोस घेऊन फरक पडला नाही तरच दुसरे औषध. आणि प्रीगॅबालिन सुरू केलेच तर मूत्रपिंड पाहून, आणि एकदम बंद न करता. रुग्णाला भाबडी आशा मात्र दाखवू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात, एका रुग्णाची वेदना निम्म्याने उतरवण्यासाठी अॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधे सुमारे चार जणांना, तर प्रीगॅबालिन सुमारे आठ जणांना द्यावे लागते असे निघाले. म्हणजे वेदना पुसली जाण्यापेक्षा झोप येणे, पंप उचलता येणे, आठाचे चारावर येणे, हे यश मानावे लागते. हे सगळे सहा महिने-वर्षभर नीट करूनही काम अडलेच, तरच नसा कापून काढण्याचे ऑपरेशन, आणि तेही ज्यांना त्याचा सराव आहे त्यांच्याकडे. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची. बधिर जागेवर बिब्बा लावू नये, तापलेल्या विटेने शेकू नये. चटका कळत नाही आणि चामडी जळते.

सर्जन : आणि मी कागदावर 'नस दुखावली' असे लिहिले, तर उद्या ग्राहक आयोगात मीच उभा.

लेखक : भीती समजण्यासारखी आहे, पण नस दुखावणे म्हणजे हलगर्जी नव्हे. तिन्ही नसा ओळखून सांभाळल्या तरी काही रुग्णांत ही आग होते. ऑपरेशनपूर्वी संमती घेताना हा धोका मराठीत, समजेल असा सांगितला, ऑपरेशनच्या नोंदीत कोणती नस दिसली, कोणती राखली, कोणती कापावी लागली हे एका ओळीत लिहिले, आणि तीन महिन्यांनी एकदा बोळ्याने तपासले, तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो. ती एक ओळ पुढच्या डॉक्टरलाही कोणत्या नसेपासून सुरुवात करायची ते सांगते. माझ्या मते न लिहिण्यातच धोका जास्त आहे. आठ महिने 'काही नाही, भरेल' ऐकलेला माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथे कोणीतरी जाळी काढायचा सल्ला देते, आणि निदान न करता केलेल्या त्या दुसऱ्या ऑपरेशनने उरलेल्या नसाही वणात जातात.

सर्जन : संमती आणि नोंद, मान्य. तीन महिन्यांची तपासणीही मान्य, पण सगळ्यांची नाही. जो तक्रार घेऊन येईल त्याची. जो येत नाही त्याला मी बोलावत बसणार नाही.

लेखक : इथे आपले मत वेगळे राहील. ज्याची मजुरी रोजाची आहे तो एका दिवसाचा खाडा करून, बसभाडे मोजून 'आग होते' एवढेच सांगायला परत येत नाही. तो गोळ्यांच्या दुकानात जातो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याच्या तारखेखाली तीन महिन्यांनंतरची तारीखही लिहावी, आणि पुढे एक वाक्य असावे : या तारखेनंतरही टाक्यात आग, करंट किंवा बधिरपणा असेल तर दाखवायला यावे, हा वेगळा त्रास आहे आणि त्याला वेगळा उपचार आहे.